हरलेल्या संघाच्या फोटोखाली काय लिहावे

जिंकलेल्या संघाच्या फोटोखाली काहीही लिहिले तरी चालते. करंडक हातात असतो, गुलाल अंगावर असतो आणि ओळ कोणी वाचतही नाही. हरलेल्या संघाच्या फोटोत मात्र वाचण्यासारखे ओळीशिवाय काहीच नसते. म्हणून सामना संपल्यावर तासाभरात स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकलेल्या त्या दोन-तीन वाक्यांवर लोकांची बारीक नजर जाते. विजेता संघ ती वाचतो, आयोजक वाचतात, गावातले ज्येष्ठ वाचतात, आणि सर्वात लक्षपूर्वक वाचतो तो ज्याच्या हातून झेल सुटला तो खेळाडू.

अशा कॅप्शनकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात. हरलो हे स्वच्छ सांगायचे, समोरच्याला त्याचे श्रेय द्यायचे आणि जमल्यास वाचणाऱ्याला थोडे हसवायचे. तिसरी गोष्ट ऐच्छिक आहे, पहिल्या दोन नाहीत. बहुतेक फसलेल्या कॅप्शनमध्ये नेमके उलटे झालेले दिसते. विनोद असतो, पण हार कबूल केलेली नसते, त्यामुळे तो विनोद नुसती झाकपाक वाटतो.

हे तिन्ही एकाच वाक्यात बसल्याचे उत्तम उदाहरण टेनिसमध्ये आहे. 31 जानेवारी 2010 रोजी मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडररने अँडी मरेला सरळ तीन सेटमध्ये हरवले. तिसरा सेट टायब्रेकपर्यंत ताणला गेला होता आणि तिथेही मरे थोडक्यात हुकला. ब्रिटनमध्ये पुरुष एकेरीतल्या ग्रँड स्लॅम विजेत्याची वाट कित्येक दशके पाहिली जात होती, ते ओझेही त्याच्याच डोक्यावर होते. बक्षीस समारंभात बोलताना त्याचा गळा दाटून आला. मग तो म्हणाला की, मला रॉजरसारखे रडता येते, त्याच्यासारखे खेळता येत नाही एवढीच खंत आहे. सगळे स्टेडियम हसले.

या वाक्यात विनोद कुठे आहे हे नीट पाहण्यासारखे आहे. आदल्याच वर्षी याच मैदानावर, याच समारंभात फेडरर राफेल नदालकडून हरला होता आणि भाषण करताना ढसाढसा रडला होता. ते सगळ्यांनी पाहिलेले होते. मरेने ती आठवण जागी केली, पण ती फेडररला टोचेल अशी नाही, कारण त्या क्षणी फेडरर विजेता होता आणि त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात त्याचे मोठेपण मान्य केलेले होते. शिवाय स्वतःचे अश्रू लपवण्याचा प्रयत्नही मरेने केला नाही. त्यांनाच विनोदाचा माल बनवले. हार, प्रतिस्पर्ध्याचा मोठेपणा आणि स्वतःची फजिती, तिन्ही एका दमात. फेडरर आदल्या वर्षी रडला नसता तर हे वाक्य जन्माला आले नसते, आणि फेडरर त्या दिवशी हरला असता तर हेच वाक्य उद्धट ठरले असते. हरल्यावरचा चांगला विनोद असा त्या दिवसाला, त्या माणसांना घट्ट बांधलेला असतो. म्हणूनच इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार कॅप्शनच्या याद्या या कामी फारशा उपयोगी पडत नाहीत.

अशा याद्यांमधून पुन्हा पुन्हा उचलली जाणारी एक गंमत व्हिटास गेरुलायटिसची आहे. हा अमेरिकी टेनिसपटू जिमी कॉनर्सकडून लागोपाठ सोळा वेळा हरला होता. जानेवारी 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या मास्टर्स स्पर्धेत त्याने अखेर कॉनर्सला हरवले आणि नंतर जाहीर केले की, व्हिटास गेरुलायटिसला लागोपाठ सतरा वेळा कोणीही हरवू शकत नाही. वाक्य झकास आहे. पण ते जिंकल्यानंतरचे आहे, हे ते उसने घेणारे विसरतात. सतराव्या पराभवानंतर तेच वाक्य थोडे फिरवून म्हटले असते तर ते केविलवाणे वाटले असते. सलग पराभवांवर मोकळेपणाने हसण्याचा हक्क त्याला सतराव्या दिवशी जिंकल्यामुळे मिळाला. हरलेल्या दिवशी पराभवांचा आकडा सांगायचा असेल तर तो सोळा असला तरी सोळाच सांगावा आणि पुढच्या खेपेची फुशारकी त्याला जोडू नये.

मराठी म्हणींनी हरणाऱ्याच्या खोडी फार पूर्वीच नोंदवून ठेवल्या आहेत आणि फसलेली कॅप्शने वाचली की त्यांपैकी तीन हमखास आठवतात. पहिली, नाचता येईना अंगण वाकडे. खेळपट्टी ओलसर होती, चेंडू जुना होता, दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येत होता. यातले प्रत्येक कारण खरेही असू शकते. अडचण एवढीच की अंगण दोन्ही संघांना तेच होते. दुसरी, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. ‘तशीही ही स्पर्धा आम्ही सरावासाठीच खेळत होतो’ असे लिहिणाऱ्या संघाने प्रवेश फी भरली होती, नवे टी-शर्ट शिवून घेतले होते आणि उपांत्य सामना जिंकल्यावर ढोल वाजवला होता, हे गावाला माहीत असते. तिसरी सर्वात धोक्याची, कारण ती वरकरणी आनंदी दिसते: पडलो तरी नाक वर. ‘हरलो नाही, फक्त थांबलोय’, ‘वाघ दोन पावलं मागे गेलाय’ ही तिची आजची रूपे. यात हार कबूलच केलेली नसते, त्यामुळे जिंकलेल्या संघाला श्रेय द्यायला जागाच उरत नाही. वाघ मागे गेला असेल तर समोरच्याने काही केलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

याच कुळातले, पण अधिक सभ्य दिसणारे वाक्य म्हणजे ‘हरलो, पण मनं जिंकली’. महाराष्ट्रातल्या हरलेल्या संघांच्या फोटोखाली याच्याइतके वापरलेले वाक्य क्वचितच असेल. वाक्यात खोटे काही असेलच असे नाही. प्रेक्षकांनी खरोखर टाळ्या वाजवलेल्या असू शकतात. पण मने जिंकली हे ज्यांची मने आहेत त्यांनी सांगायचे असते. तेच वाक्य आयोजकांनी किंवा विजेत्या कर्णधाराने लिहिले तर तो सन्मान असतो, आणि स्वतः लिहिले तर स्वतःच्याच गळ्यात घातलेला हार.

पराभवानंतर इतिहासाकडे धाव घेणे हीही एक खास मराठी सवय आहे. 10 जानेवारी 1760 रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर घायाळ होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचे ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे उद्गार महाराष्ट्राला पाठ आहेत. ते सहा षटकांच्या टेनिस बॉल सामन्यानंतर, चष्मे लावलेल्या अकरा जणांच्या हसऱ्या फोटोखाली छापलेले दिसतात. दत्ताजी त्यानंतर काही क्षणांतच मारले गेले. संघ मात्र त्यानंतर मिसळ खायला गेलेला असतो. हे अंतर लिहिणाऱ्याच्या लक्षात आले नसेल तर ओळ हास्यास्पद होते. लक्षात आले असेल आणि त्याने ते उघड केले, म्हणजे उद्गारांना हात न लावता ‘पानिपत वगैरे काही नाही, अकरा धावांनी हरलो, मिसळ उत्तम होती’ असे लिहिले, तर तीच सवय विनोदाच्या कामी येते. पराभवाचा आकार जेवढा आहे तेवढाच दाखवणे, हा या प्रकारच्या विनोदाचा पाया आहे. लहान पराभवाला युद्धाचे कपडे घातले की तो विदूषक दिसतो.

आता एक काल्पनिक पण अगदी ओळखीचा प्रसंग तपशिलात घेता येईल. तालुक्याच्या ठिकाणी आठ षटकांच्या टेनिस बॉल स्पर्धेचा अंतिम सामना. समोरच्या संघाने 74 धावा केल्या. उत्तरादाखल सात षटकांत 66 झाल्या, म्हणजे शेवटच्या षटकात जिंकण्यासाठी नऊ हव्या होत्या. त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजाने चारच दिल्या आणि सामना चार धावांनी गेला. त्याआधी, समोरच्यांच्या डावात सहाव्या षटकात लाँग ऑनला एक सोपा झेल सुटला होता आणि ज्याचा झेल सुटला त्याने पुढच्या दोन चेंडूंवर षटकार मारले होते. एका धावबादच्या निर्णयावरून थोडी बाचाबाचीही झाली होती.

कर्णधार मोबाइल हातात घेतो. पहिला मसुदा साधारण असा येतो: ‘आज नशीब आपल्या बाजूने नव्हते. पंचांचे निर्णय सगळ्यांनी पाहिलेच. पण खरा संघ कोणता हे मैदानाला माहीत आहे.’ तीन वाक्ये, तीन आरोप. नशिबावर, पंचांवर आणि शेवटी विजेत्यांवर, कारण खरा संघ हा असेल तर तो संघ खोटा ठरतो. ‘सगळ्यांनी पाहिलेच’ हे शब्द तर खास खबरदारीचे आहेत. स्वतः आरोप न करता वाचकाकडून करून घेण्याचा तो मार्ग आहे. लहानपणी गल्लीत याला रडीचा डाव म्हणत. पंचांविषयी खरोखर तक्रार असेल तर तिची जागा आयोजकांकडे आहे, त्याच दिवशी, आणि स्पर्धेच्या नियमांत सांगितलेल्या पद्धतीने. फोटोखाली ती टाकली की तक्रारही जाते आणि फोटोही.

दुसरा मसुदा बहुधा कोणीतरी समजूत घातल्यावर येतो: ‘हार-जीत होतच असते. खेळभावना महत्त्वाची. विजेत्यांचे अभिनंदन.’ यात दोष काढण्यासारखे काही नाही. पण हे वाक्य कबड्डीच्या, बुद्धिबळाच्या, रांगोळीच्या, कुठल्याही स्पर्धेच्या फोटोखाली चालेल. विजेत्या संघाने ते वाचले तर त्यांना आपण काय चांगले केले हे कळत नाही. अभिनंदन आहे, पण ते पोस्टाच्या छापील शुभेच्छापत्रासारखे.

तिसऱ्या मसुद्यात सामना येतो: ‘चार धावांनी हरलो. शेवटच्या षटकात नऊ हव्या होत्या. त्यांच्या डावखुऱ्याने चारच दिल्या. दबावाखाली अशी गोलंदाजी या स्पर्धेत दुसऱ्या कोणी केली नाही. विजेत्या संघाचे मनापासून अभिनंदन. आमच्याकडून सहाव्या षटकात एक झेल हरवला आहे. कोणाला सापडल्यास कळवावे.’

इथे पहिल्या तीन शब्दांतच हार सांगून झाली. फरकही सांगितला, आणि तो जसा होता तसा: ‘अवघ्या चार धावांनी’ नाही, नुसता ‘चार धावांनी’. ‘अवघ्या’ शब्दाने सहानुभूती मागितली जाते. श्रेय एका माणसाला, त्याने केलेल्या एका कामासाठी दिले आहे. ज्याने ते षटक टाकले तो हे वाचून खूश होईल आणि पुढच्या स्पर्धेत हा संघ दिसल्यावर स्वतः हात पुढे करील. विनोद शेवटी आहे, लांबीने सर्वात लहान आहे आणि तो स्वतःच्या बाजूच्या चुकीवर आहे. हरवल्याची जाहिरात देण्याची ढब मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली चौकट आणते, म्हणून तिला समजावून सांगावे लागत नाही.

तरीही या मसुद्यात एक काटा आहे. झेल सोडणारा एक विशिष्ट माणूस आहे आणि तो कोण हे सगळ्या मैदानाने पाहिले आहे. ‘आमच्याकडून’ असे लिहून कर्णधाराने तो दोष संघाच्या नावावर घेतला, हे बरे केले; त्याला टॅग केले असते किंवा शेजारी बोट दाखवणारे चिन्ह टाकले असते तर विनोदाची वेठ झाली असती. पण त्याहून सुरक्षित वाट म्हणजे आधी त्याला विचारणे. उत्तम वाट म्हणजे तो विनोद त्यालाच करू देणे. त्याच्या स्वतःच्या स्टेटसवर ‘झेल हातात आला होता, पण थांबला नाही. घाईत असावा’ असे आले की सगळा संघ सुटकेचा श्वास घेतो. स्वतःच्या चुकीवर हसण्याचा अधिकार ज्याची चूक आहे त्याचा. इतरांना तो त्याच्याकडून उसना घ्यावा लागतो.

कोण बोलतो आहे यावर विनोदाची मर्यादा कशी हलते, हे भारतीय क्रिकेटच्या एका वाईट दिवसाने दाखवले. 19 डिसेंबर 2020 रोजी ॲडलेडला भारताचा दुसरा डाव 36 धावांत आटोपला. कसोटी क्रिकेटमधली ती भारताची सर्वात कमी धावसंख्या. एकाही फलंदाजाला दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. त्यावर वीरेंद्र सेहवागने ट्विटरवर लिहिले की, हे विसरण्यासाठीचा ओटीपी आहे 49204084041. तो लांबलचक आकडा म्हणजे अकरा फलंदाजांच्या धावा, एकापुढे एक मांडलेल्या. विनोद बिनचूक होता. कोणाचेही नाव नाही, खेळपट्टीचे कारण नाही, आणि प्रत्येक अंक धावफलकावर पडताळून पाहता येतो. बँकेच्या निरोपांची रोज वाट पाहणाऱ्या देशाला तो लगेच समजला.

पण हेच शब्द त्या दिवशीच्या संघातल्या कोणी लिहिले असते तर? रागाने पेटलेल्या प्रेक्षकांना ते बेफिकिरीचे लक्षण वाटले असते. सेहवाग तेव्हा निवृत्त होता, प्रेक्षकांच्या बाजूला बसलेला होता. त्याचा विनोद दुखावलेल्यांपैकी एकाचा होता. मैदानावर असलेल्यांना आधी दुखावलेल्यांशी बोलावे लागते. गल्लीतल्या स्पर्धेतही हे तसेच लागू होते: राखीव खेळाडू, पाठीराखे, जुने कर्णधार यांना जास्त मोकळीक असते, आणि ज्याने शेवटच्या चेंडूवर पायचीत होऊन सामना घालवला त्याने पहिल्याच तासात फार गमतीदार होऊ नये. तो दुसऱ्या दिवशी झाला तर लोक त्याच्यासोबत हसतात.

खेळाडूने स्वतः, लगेच, आणि तरीही योग्य रीतीने विनोद केल्याचे उदाहरण शोधायचे तर 14 जुलै 2019 कडे जावे लागते. लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही 241 धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या पंधरा-पंधरा. मग ज्या संघाने जास्त चौकार-षटकार मारले तो विजेता, या नियमाने इंग्लंडला 26 विरुद्ध 17 अशा हिशेबाने विश्वचषक मिळाला. नियम इतका टीकेचा धनी झाला की त्याच वर्षी आयसीसीने तो बदलला. न्यूझीलंडकडे तक्रार करायला, म्हणजे, सगळ्या जगाने मान्य केलेले कारण होते.

सुपर ओव्हरमध्ये न्यूझीलंडची फलंदाजी प्रामुख्याने जिमी नीशमने केली होती. त्याने षटकारही मारला होता. सामन्यानंतर काही तासांत त्याने ट्विटरवर थोड्या लहान लहान पोस्ट लिहिल्या. एकीत हे लागले असे सरळ लिहिले, आणि पुढच्या दहा वर्षांत निदान एखाद-दोन दिवस तरी असे यावेत की या शेवटच्या अर्ध्या तासाची आठवण होणार नाही, अशी आशा व्यक्त केली. इंग्लंडच्या मंडळाचे अभिनंदन केले आणि यश त्यांना शोभणारे आहे असे म्हटले. पाठीराख्यांचे आभार मानले, तुम्हाला हवे होते ते देऊ शकलो नाही म्हणून क्षमा मागितली. आणि एका पोस्टमध्ये मुलांना सल्ला दिला: खेळाच्या नादी लागू नका, बेकिंग वगैरे करा, साठीला छान जाडजूड होऊन आनंदात मरा.

हा शेवटचा सल्ला जगभर फिरला आणि आजही पराभवानंतरचा विनोद म्हटले की तो सांगितला जातो. सहसा तो एकटाच सांगितला जातो, तिथे त्याची निम्मी किंमत कमी होते. बाकीच्या पोस्ट शेजारी ठेवून वाचले म्हणजे कळते की दुःख कबूल केलेले आहे, प्रतिस्पर्ध्याला दाद दिलेली आहे, चाहत्यांकडे माफी मागून झालेली आहे. मग उरलेल्या जागेत विनोद आला आहे. चौकारांच्या त्या नियमाविषयी त्यात एक शब्दही नाही. आणि विनोदाचे लक्ष्य कोण? स्वतःचा व्यवसाय. पंच नाही, नियम नाही, इंग्लंड नाही. शिवाय तो विनोद वेदनेवर पांघरूण घालत नाही, उलट ती किती आहे हे सांगतो: खेळाडूने मुलांना खेळू नका म्हणावे एवढी. भारतीय वाचकांना नीशमची आणखी एक आठवण असेल. भारत उपांत्य फेरीत न्यूझीलंडकडून हरल्यावर त्याने भारतीय चाहत्यांना, यायचे नसेल तर अंतिम सामन्याची तिकिटे अधिकृत ठिकाणी परत विकावीत, अशी विनंती केली होती. विजयी असतानाही त्याने टोमणा न मारता बोलण्याची सवय ठेवली होती, म्हणून चार दिवसांनी हरल्यावर त्याचा विनोद लोकांनी प्रेमाने घेतला. जिंकल्यावर डिवचणाऱ्या संघाला हरल्यावर विनोद करण्याची सवलत मिळत नाही. त्याच्या जुन्या पोस्टच लोक शोधून काढतात.

मोबाइलच्या पडद्याची एक बाबही इथे महत्त्वाची आहे. इन्स्टाग्रामवर लांब कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचे उघडून वाचावे लागते आणि पुष्कळ लोक उघडत नाहीत. त्यामुळे विनोद सुरुवातीला आणि अभिनंदन शेवटी ठेवले तर अर्ध्या वाचकांपर्यंत फक्त थट्टा पोहोचते. निकाल आणि विजेत्याचे नाव पहिल्या ओळीत असावे, यामागे शिष्टाचाराइतकेच हेही कारण आहे. व्हॉट्सॲप स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते, पण त्याचा स्क्रीनशॉट नाहीसा होत नाही. रागात टाकलेले स्टेटस वीस मिनिटांनी काढून टाकले तर ‘काढून टाकले’ हीच बातमी होते.

धावफलक असलेल्या खेळात निदान निकाल वादातीत असतो. परीक्षकांच्या स्पर्धांमध्ये, म्हणजे एकांकिका, वक्तृत्व, नृत्य, पाककृती, रांगोळी यांत, ते सुखही नाही. इथे गुण दिसत नाहीत किंवा दिसले तरी पटत नाहीत, आणि विनोदाचे तोंड आपोआप परीक्षकांकडे वळते. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे नियमपत्रकातले वाक्य नुसते छापून पुढे डोळा मिचकावणारे चिन्ह टाकले की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात तो आरोपच असतो, फक्त जबाबदारी न घेता केलेला. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत निकालाच्या रात्री भरत नाट्य मंदिरात घोषणांनी छत हलते, आणि त्यानंतरची पोस्ट लिहिणारी मुले एकोणीस-वीस वर्षांची, दोन महिन्यांच्या तालमींनी थकलेली असतात. 2022 मध्ये तर परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे ठरवून करंडक कोणालाच दिला नाही. अशा निकालानंतर परीक्षकांवर विनोद न करणे ही तारेवरची कसरतच.

तिथे मार्ग एकच उरतो: दुसऱ्यांचे नाटक खरोखर पाहिलेले असणे. ‘करंडक नाही मिळाला. विजेत्यांचा शेवटचा प्रवेश विंगेतून पाहताना आमचा प्रकाशयोजनाकार रडला. आमच्या नाटकाच्या चाळीस तालमींत तो एकदाही रडला नव्हता, हे आम्ही नोंदवून ठेवले आहे.’ अशा ओळीत दाद एका प्रवेशाला दिलेली आहे, टपली स्वतःच्या नाटकाला मारलेली आहे, परीक्षक चित्रातच नाहीत. आणि ती लिहिण्यासाठी निकाल लागेपर्यंत थांबून, आपला प्रयोग संपल्यावर चहाच्या टपरीवर न जाता इतरांचे प्रयोग पाहावे लागतात. जो संघ इतरांचे काही पाहतच नाही त्याला अभिनंदनाचे छापील वाक्य वापरण्यावाचून गत्यंतर नसते.

शाळकरी मुलांच्या बाबतीत फोटोखालची ओळ बहुधा आई-वडील लिहितात आणि तिथे धोके दुप्पट होतात. एका टोकाला ‘आमच्या मुलीवर अन्याय झाला’ ही पोस्ट असते, जी वाचून मुलीला पहिल्यांदाच कळते की आपल्यावर अन्याय झाला आहे. दुसऱ्या टोकाला मुलाची टर उडवणारी ओळ: ‘आमचे चिरंजीव भाषण विसरले, बापावर गेले.’ बापाला ती स्वतःवरची थट्टा वाटते. मुलाच्या वर्गात मात्र पहिला अर्धा भागच फिरतो. मुलाचा पराभव हा मोठ्यांच्या विनोदाचा माल नाही. त्याने काय केले ते सांगावे, विजेत्या मुलीचे नाव तिच्या पालकांना चालत असेल तरच लिहावे, आणि पोस्ट करण्याआधी ती मुलाला वाचून दाखवावी. मुले स्वतः जोड देतात ती ओळ पुष्कळदा मोठ्यांच्या ओळीपेक्षा सरस असते.

काही पराभवांना विनोद लागतच नाही. सामन्यात कोणी जखमी झाले असेल, संघातला कोणी शेवटची स्पर्धा खेळला असेल, किंवा हरल्यामुळे नोकरी, शिष्यवृत्ती, निवड हातची गेली असेल, तर दोन साध्या वाक्यांवर थांबावे. कुस्तीत वर्षभराची खुराक आणि मेहनत काही मिनिटांत जाते. हरलेल्या मल्लाच्या फोटोखाली तालमीतल्या सोबत्याने केलेली कोटी त्याला त्या रात्री झोपू देणार नाही.

आणि कॅप्शन टाकून झाल्यावर काम संपत नाही, कारण खाली प्रतिक्रिया येऊ लागतात. कर्णधाराने कितीही नेटके लिहिले तरी पाठीराखे तिथे ‘पंच विकत घेतले होते’, ‘तुम्हीच खरे चॅम्पियन’ असे लिहितात. ती प्रतिक्रिया आवडल्याचे चिन्ह कर्णधाराने दाबले की वरची सगळी सभ्यता एका स्पर्शात परत घेतली जाते. विजेता संघ ते चिन्ह नक्की पाहतो. अशा प्रतिक्रियेला छोटे उत्तर पुरते: ‘नाही भाऊ, त्यांनी चांगले टाकले.’ त्याखाली विजेत्या संघातल्या कोणी येऊन ‘झेल सापडला, आमच्याकडे आहे, पुढच्या वर्षी परत करू’ असे लिहिले, तर त्याला हसण्याचे चिन्ह द्यावे आणि मैदान ठरवायला लागावे.